पॉयसाँ लावण्याआधी तास वेगळे कर

अरे, आपल्या इंदूरच्या पाण्याच्या हेल्पलाइनची नोंदवही घेऊन बसलास ते उत्तम, पण सगळ्या तासांची एकच सरासरी धरू नकोस. पॉयसाँ वितरण एकमेकांपासून स्वतंत्र येणाऱ्या घटनांच्या मोजणीसाठी असते. ताशी सरासरी ४ कॉल असतील तर त्यात व्हेरियन्स, म्हणजे सरासरीभोवतीच्या चढउताराचे माप, हाही ४ च्या आसपास यायला हवा. ८ किंवा जास्त कॉल साधारण विसातल्या एखाद्याच तासात येतील. तुझा व्हेरियन्स ८ आलाय. कारण सकाळच्या तासांची सरासरी ६, दुपारची २, आणि तू दोन्ही निम्मे-निम्मे मिसळलेस. त्या फरकाचेच ४ वर चढले. दोन्ही गट वेगवेगळे तपास. नर्मदेची लाइन फुटली तो तास मात्र बाजूलाच ठेव. एकाच कारणाने अख्खी कॉलनी फोन करते, तेव्हा कॉल एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत.