ओउलूचा पहिला हिवाळा

प्रश्न : मॅडम, मी परभणीचा. ऑगस्टमध्ये नोकरीसाठी फिनलंडला ओउलू शहरात आलो. तेव्हा छान वाटत होतं. नोव्हेंबर लागला आणि सगळं बिघडलं. दिवसभर झोप येते, रात्री येत नाही, सारखं गोड खावंसं वाटतं, कुणाशी बोलू नये असं होतं. घरचे म्हणतात, थंडी आहे, होईल सवय. हे डिप्रेशन आहे का? परत यावं का? आणि उन्हाळ्यात म्हणे इथं रात्रच होत नाही, तेव्हा काय करायचं?

उत्तर : तुमच्याच शहरातली एक मुलगी माझ्याकडे व्हिडिओ कॉलवर येत असे. तिचं उदाहरण तिच्या परवानगीनं, ओळखीचे तपशील बदलून सांगते. ती अंबाजोगाईची, सॉफ्टवेअरमध्ये, एकटी राहणारी. आधी फोन तिच्या आईचा आला होता. "मॅडम, दिवसाढवळ्या झोपायलीय पोरगी. बोलायला लागलं की रडायलीय. कामाचा ताण असंल का?"

ताण होता, पण फार नव्हता. पहिल्या भेटीत मी तिच्याशी मनाबद्दल कमीच बोलले. आठवडाभर तीन गोष्टी लिहून ठेवायला सांगितल्या : उठले कधी, झोपले कधी, आणि उघड्या आकाशाखाली किती वेळ होते. खिडकीजवळ बसलेली वेळ धरायची नाही, बसमधलीही नाही.

वही आली, त्यातला मंगळवार असा. उठली सव्वादहाला. साडेदहाची मीटिंग अंथरुणात बसूनच. दुपारी लॅपटॉपसमोर नूडल्स. दोनच्या सुमारास बाहेर सूर्य मावळला, तिच्या लक्षातही आलं नाही. साडेचारला 'थोडं आडवं' झाली ती साडेसहाला उठली. मग दूध आणायला दुकानात, दहा मिनिटं, काळोखात. जेवण साडेनऊला, मोबाईल अडीचपर्यंत. आकाशाखाली उजेडात किती वेळ? शून्य. बुधवारीही शून्य. गुरुवारीही.

डिसेंबरच्या मध्यावर ओउलूत सूर्य साडेदहाच्या सुमारास उगवतो आणि दोनच्या सुमारास मावळतो. दिवस साडेतीन तासांचा. त्यातही भरदुपारी तो क्षितिजाच्या दीड अंशच वर असतो, म्हणजे समोरच्या झाडांच्या शेंड्यांवरही येत नाही. आपल्याकडे लातूर-अंबाजोगाईला डिसेंबरातसुद्धा माध्यान्हीचा सूर्य 48 अंशांवर असतो आणि दिवस अकरा तासांचा. आपल्या शरीराला उजेड शोधायची सवयच नाही. आपण सावली शोधतो.

आता यात बिघडतं काय? डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचं काम बघण्यापेक्षा मेंदूतल्या घड्याळाला 'सकाळ झाली' ही वर्दी देण्याचं जास्त. बहुतेकांचं हे घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित मोठं असतं. रोज सकाळच्या उजेडानं ते मागं ओढलं जातं, म्हणून आपल्याला कळत नाही. ती वर्दी मिळाली नाही तर झोप रोज थोडी उशिरा सरकते. त्यात रात्री अडीचपर्यंत मोबाईलचा आणि ट्यूबचा उजेड, म्हणजे घड्याळाला वाटतं अजून संध्याकाळच आहे. मग सकाळी जाग येत नाही, जाग आली तोवर दिवस निम्मा संपलेला. झोप, भूक, उत्साह या सगळ्यांची वेळ या घड्याळावरच ठरते, म्हणून मनही त्याच्यासोबत घसरतं.

त्यामुळे आम्ही सुरुवात उठण्यापासून केली. झोपण्याची वेळ हुकमानं बदलता येत नाही, उठण्याची येते. दर तीन-चार दिवसांनी गजर अर्धा तास अलीकडे घ्यायचा. सव्वादहापासून पावणेआठपर्यंत यायला अडीच-तीन आठवडे लागले. शनिवार-रविवारीही तीच वेळ. यावरून आमचं भांडण झालं, कारण सुट्टीच्या दोन सकाळी अकरापर्यंत झोपलं की आठवड्याची कमाई गेलीच म्हणून समजा.

उठल्यावर समोर उजेड हवा, आणि आठ वाजता तिथं काळोख. त्यासाठी तिकडे खास दिवा मिळतो, औषधाच्या आणि इलेक्ट्रिकच्या दुकानांत. लक्स हे उजेडाचं माप. दिवा 10,000 लक्सचा हवा, पण तो आकडा किती अंतरावरचा आहे हे खोक्यावर वाचायचं. तिनं सुरुवातीला स्वस्तातला छोटा दिवा आणला. त्याचे 10,000 लक्स म्हणजे नाकासमोर वीतभर अंतरावर धरला तर. बाईसाहेबांनी तो खोलीच्या टोकाला कपाटावर ठेवला आणि मला म्हणाल्या, काही फरक पडत नाही. अंतर दुप्पट झालं की उजेड जवळजवळ चौथाईवर येतो, फरक पडणार कसा? मग मोठ्या पट्टीचा, अतिनील किरण अडवणारा दिवा घेतला. टेबलावर हातभर अंतरावर, जरा बाजूला. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, डोळे मात्र उघडे हवेत. त्याच्यासमोर चहा, पोहे, मेल वाचणं, अर्धा तास. बहुतेकांना आठवडा-दोन आठवड्यांत फरक जाणवतो.

मधेच एकदा झोप पुन्हा बिघडली. खोदून विचारलं तेव्हा कळलं, संध्याकाळी उदास वाटलं म्हणून तिनं सात वाजता दिवा लावला होता, दोन-तीन दिवस. रात्रीच्या तोंडाशी असा उजेड घेतला की घड्याळ आणखी पुढं सरकतं. दिवा सकाळचाच. डोकं दुखणं, डोळ्यांवर ताण, चिडचिड झाली तर वेळ कमी करायची. डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल, उन्हानं त्रास होईल अशी औषधं चालू असतील, किंवा स्वतःला वा घरात कुणाला बायपोलर आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा दिवा लावू नका.

दुसरी गोष्ट, साडेअकरा ते साडेबाराच्या मधे अर्धा तास बाहेर. ती म्हणाली, "सूर्य दिसतच नाही, जाऊन काय करू?" सूर्य दिसायची गरज नाही. ढगाळ आकाशाचा उजेडही घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि बर्फ पडलेला असला तर तो खालूनही उजेड फेकतो. म्हणूनच ज्या दिवसांत बर्फ टिकत नाही ते नोव्हेंबरचे ओले काळे दिवस अनेकांना डिसेंबरपेक्षा जड जातात. तुम्ही आत्ता त्यातच आहात. बुटांना खाली लावायचे खिळ्यांचे पट्टे घ्या, कोटाला चमकणारा रिफ्लेक्टर लावा. काळोखात रस्त्यानं चालताना रिफ्लेक्टर वापरावा असं तिथल्या कायद्यातही आहे.

तिसरी गोष्ट ती साडेचारची झोप. तिथं एक गंमत सापडली. हिवाळ्यात फिनलंड आपल्या साडेतीन तास मागं असतं. डिसेंबरात अंबाजोगाईला दिवस मावळतो पावणेसहा-सहाच्या दरम्यान, तेव्हा ओउलूतही नुकताच मावळलेला असतो, फक्त तिकडच्या घड्याळात सव्वादोन-अडीच वाजलेले असतात. मायलेकींची दिवेलागण जवळपास एकाच वेळी! आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग दिवेलागणीला झोपू नाही, एवढं तरी कळत असंल तिला." मी आईलाच कामाला लावलं. तिचा फोन आपल्या रात्री साडेदहाला व्हायचा, तो आठवर आणला. म्हणजे मुलीचे साडेचार, बरोबर पलंगाकडे पाय वळायची वेळ. फोन झाला की लगेच आठवड्यातून तीनदा बॅडमिंटन. डुलकी लागलीच तर दुपारी तीनच्या आत, गजर लावून वीस मिनिटं, तीही खुर्चीत.

आईनं डी जीवनसत्त्वाच्या आठवड्याला एक घ्यायच्या 60,000 युनिटच्या पुड्याही पाठवल्या होत्या. त्या बाजूला ठेवायला सांगितल्या. ऑक्टोबर ते मार्च तिथल्या उन्हातून हे जीवनसत्त्व मिळत नाही हे खरं, पण तिथं मोठ्यांना साधारण रोज 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे 400 युनिट पुरक घ्यायला सांगतात. मोठा डोस तपासणीशिवाय घेऊ नये. शिवाय ही गोळी घड्याळाला सकाळची वर्दी देत नाही.

हे डिप्रेशन का? ऋतूबरोबर येणारं नैराश्य ठरवायला ते सलग दोन वर्षं त्याच काळात येऊन वसंतात ओसरलेलं दिसावं लागतं. पहिल्याच हिवाळ्यात तो शिक्का कुणी मारू नये, तुम्हीही नाही. पण शिक्क्याची वाट बघत बसायचं नाही. दोन आठवडे दिवसातला बराच वेळ मन खिन्न, कशातच रस नाही, काम अडायला लागलं, 'आपण कुणाच्या कामाचे नाही' असं वाटायला लागलं, तर कंपनीच्या आरोग्यसेवेत वेळ घ्या. जीव नकोसा वाटला तर त्याच घटकेला 112. घरच्यांना इकडे बोलायचं झालं तर टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 आहे. या नैराश्यावर औषधं आहेत, त्यासाठीच बेतलेली वर्तनोपचाराची पद्धतही आहे. दिवा हा एकच इलाज नव्हे.

उन्हाळ्याचं विचारलंत. मार्चमध्ये तिचा दिवा बंद केला. त्या सुमारास तिथला दिवस रोज सहा-सात मिनिटांनी वाढतो, म्हणजे आठवड्यात पाऊण तास. मे महिन्यात तिचा फोन आला, आवाज टणटणीत. सायकल घेतली होती, चार तास झोप पुरत होती, आणि टीममधल्या दोघांशी भांडणही झालं होतं. जूनमध्ये तिथं सूर्य रात्री बाराच्या आसपास मावळतो आणि अडीचच्या आसपास उगवतो, मधल्या वेळातही नीट काळोख होत नाही. आपलं रक्त सांगतं, उजेड आहे तोवर कामं आटपा, अंधार पडल्यावर जेवू. असं ठरवलं तर जेवण मध्यरात्री!

तेव्हा उठण्याची वेळ तीच ठेवली, पावणेआठ. जेवण घड्याळावर, साडेसातला. नऊनंतर बाहेर असेल तर काळा चष्मा, घरी असेल तर पडदे बंद. पडदा जाड असून भागत नाही, उजेड कडांतून येतो. भिंत आणि पडदा यांच्यात वेल्क्रोची पट्टी लावली, तरी सकाळी फट उरायचीच, मग डोळ्यांवर पट्टी. अकराला पलंगावर. आठवड्याभरात झोप सहा-सात तासांवर आली आणि भांडणंही थांबली. तसं झालं नसतं, कमी झोपूनही थकवा नाही, पैसे उधळणं, बोलणं थांबेना, असं दिसलं असतं तर मी तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं असतं. ते नुसतं उन्हाळ्याचं काम नसतं.

परत येण्याचा निर्णय डिसेंबरात घेऊ नका. सुट्टीला मात्र या, आणि जमलं तर जानेवारीत. इथून परत गेल्यावर तुमचं शरीर साडेतीन तास पुढं असेल, पहाटे चारलाच जाग येईल आणि संध्याकाळीच डोळे मिटतील. ते सगळं घालवू नका. संध्याकाळी ओढूनताणून दहापर्यंत जागा, आणि गजर साडेसातचाच ठेवा, पहिल्या दिवसापासून.