उत्तर येतं, शब्द येत नाही

"माझ्या वर्गात सातवीतला एक मुलगा आहे. वही बघावी तर सगळं बरोबर. पण तोंडी विचारलं की उभा राहतो, खाली बघतो आणि गप्प. जुने शिक्षक म्हणतात, तो असाच आहे, सोडून द्या. मी यंदाच लागलेय. त्याला माझी भीती वाटते का? की मुद्दाम करतो?"

मी समुपदेशक आहे. शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की हे माझ्यासमोर येतंच. घेऊन येणारे बहुधा नवीन शिक्षक असतात, कारण जुन्यांना त्या मुलाच्या गप्प असण्याची सवय झालेली असते. सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेतून आलेल्या या बाईंना मी आधी एवढंच विचारलं, "तुम्ही प्रश्न विचारता आणि मग 'बस' म्हणता. त्या मधल्या वेळात त्याच्या चेहऱ्याचं काय होतं?"

"तसं बघितलं नाही. थांबायला वेळच कुठे असतो? मी पुढच्याला विचारते."

बहुतेक शिक्षक असंच करतात. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तेवढ्या वेळात मुलाचं गप्प राहणं ऐकू येतं, पण ते कशामुळे आहे ते दिसत नाही. म्हणून मी बाईंना सांगितलं, "आठवडाभर त्याला काही विचारू नका. त्याचा आवाज कुठे कुठे निघतो तेवढं टिपून ठेवा."

पुढच्या खेपेला त्या वही घेऊन आल्या. परिपाठाला तो प्रतिज्ञा सगळ्यांबरोबर खणखणीत म्हणतो. कविता चालीवर म्हणतो. मैदानावर एका दमात "कबड्डी कबड्डी" करत चढाई करतो, कुठेही अडत नाही. मधल्या सुट्टीत दोन ठरावीक मित्रांशी बोलतो, तेही तुटक. हजेरीला मात्र हात वर करतो आणि "हजर" शेजारचा म्हणतो. हे पहिलीपासून असंच चालत आलेलं, त्यामुळे कुणालाच त्यात काही वेगळं वाटत नव्हतं.

मग त्यांनी आधी घडलेला एक प्रसंग सहज सांगितला. "एकदाच बोलला होता. मी महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर विचारलं, तर म्हणाला 'साल्हेर'. पोरं हसली. वहीत तर त्यानेच कळसूबाई लिहिलं होतं."

मी त्यांना तिथेच थांबवलं. साल्हेर हे राज्यातलं दुसऱ्या क्रमांकाचं शिखर. ज्याला उत्तर येत नाही त्याला दुसरा क्रमांक कुठून आठवणार? त्याने चुकीचं उत्तर निवडून दिलं होतं, आणि निवडताना विषयाला धरूनच राहिला होता. मी विचारलं, "बोलण्याआधी काय झालं होतं, आठवतं?" त्यांनी आठवून पाहिलं. तोंड किंचित उघडं होतं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, पापण्या भराभर मिटत होत्या, पाय जमिनीवर दाबलेला. आणि मग एकदम "साल्हेर".

"त्याला 'कळसूबाई' म्हणायचं होतं," मी म्हटलं. "'क' निघाला नाही."

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे तो गप्प नसतो. बोलत असतो."

माझ्या कामात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. यापुढचे सगळे उपाय या एका वाक्यावर उभे राहतात.

अडखळत बोलण्याला आपण सरसकट तोतरेपणा म्हणतो, आणि डोळ्यांपुढे येतं ते "प-प-पाणी". पण अडखळणं तीन तऱ्हांचं असतं. अक्षर पुन्हा पुन्हा येतं, किंवा लांबत जातं, किंवा पूर्ण अडून बसतं. या तिसऱ्या प्रकारात आवाजच होत नाही. ओठ किंवा जीभ जागेवर जाऊन घट्ट होतात, घशात जोर लागतो आणि बाहेर शांतता. समोरच्याला वाटतं, याला काही येत नाही. मूल मोठं होत जातं तसं या अडण्याभोवती ते वाटा काढायला शिकतं. शब्द बदलतं, "माहीत नाही" म्हणतं, खुणा करतं, शेजाऱ्याकडून हजेरी लावून घेतं. जोसेफ शीहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली होती: ऐकू येतं ते वरचं टोक, लाज, भीती आणि पळवाटा पाण्याखाली. मी त्याच विचाराची आहे. अडखळण्याने मुलाचं जेवढं नुकसान होत नाही, तेवढं ते लपवण्याने होतं. "बस" ऐकून सुटका झाली की पुढच्या वेळी गप्प राहणं आणखी सोपं जातं.

सोबत म्हणताना किंवा चालीवर म्हणताना अडखळणं जवळजवळ नाहीसं होतं, ही या त्रासाची ओळखीची खूण आहे. म्हणून प्रतिज्ञा आणि कबड्डी ऐकून "मनावर घेतलं तर बोलतो की" असा निष्कर्ष काढणं त्या मुलावर अन्याय करणारं ठरतं.

आता त्याच्याशी बोलायचं कसं? बाईंना मी सुचवलं की वर्गात नको, समोर बसवूनही नको. त्यांनी त्याला वह्यांचे गठ्ठे लावायला थांबवून घेतलं आणि हातातलं काम चालू ठेवतच विचारलं, "कधी कधी उत्तर येत असतं, पण शब्द निघत नाही, असं होतं का रे तुझं?"

त्याने मान हलवली. नंतर म्हणाला, "क... क वर अडतं. प वर पण." त्याचं स्वतःचं नाव 'प'वरूनच. नावाला पर्यायी शब्द नसतो, म्हणून नाव सांगणं पुष्कळ अडखळणाऱ्यांना सर्वांत अवघड जातं.

"मी काय करू म्हणजे तुला बरं पडेल?"

हे विचारायचं राहूनच जातं. त्याचं उत्तर तयार होतं. "ओळीने वाचायला लावू नका. माझा नंबर येईपर्यंत पोटात दुखतं." तो पुढची मुलं मोजायचा, आपल्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार ते हेरायचा, त्यातले 'क' आणि 'प' शोधायचा. तोवर धड्यात काय चाललंय हे त्याच्या कानावरही येत नसे. आणि दुसरं म्हणाला, "माझा शब्द तुम्ही नका म्हणू."

बाईंनी ओळीने वाचणं बंद केलं, सगळ्या वर्गासाठीच, म्हणजे एकट्याला सूट दिली असं झालं नाही. वाचन जोडीने सुरू झालं. दोघांनी एकदम वाचायचं, आणि तो तयार असेल तेव्हा जोडीदाराने शेवटच्या ओळीला थांबायचं. प्रश्न विचारल्यावर बाई थांबू लागल्या. बघायचं नेहमीसारखं, घड्याळाकडे नाही, वहीत नाही. शब्द पुरा करायचा नाही. "सावकाश बोल", "श्वास घे" हे तर अजिबात नको. मुलाला त्यातून एवढंच कळतं की आपलं अडखळणं सगळ्यांनी पाहिलं आणि ते नकोसं आहे. उत्तर आलं की ते बरोबर की चूक यावर बोलायचं, कसं म्हटलं यावर नाही.

हजेरीला काय करायचं, यावर बाई अडून बसल्या. "हात वर केलेला चालू दे ना, कशाला छळायचं?" मी तयार झाले नाही. काही दिवस चालेल, पण कायमची सूट म्हणजे बंद दारच. त्यालाच विचारायचं ठरलं. त्याने आधी "हो बाई" निवडलं. दिवाळीनंतर एकदा स्वतःहून "ह...हजर" म्हणाला, अडखळतच. मला ते अडखळत आलेलं "हजर" हवं होतं. सफाईदार बोलणं हे माझं ध्येय नव्हतंच.

घरचा भाग थोडक्यात सांगते, पण तो टाळता येत नाही. आजीचं म्हणणं होतं, मामाची नक्कल करून करून हा असा झाला. त्यावरून लहानपणी मारही खाल्लेला. वेखंड झालं, जिभेला अक्कलकारा लावून झाला. आईला मी सांगितलं की मामा तसा बोलतो ही माहिती खरी आणि महत्त्वाची आहे, फक्त तिचा अर्थ वेगळा आहे. अडखळणं घराण्यात चालत येतं. ते बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतं, बऱ्याच मुलांचं आपोआप जातं, ज्यांचं राहतं त्यांत मुलगे जास्त असतात. नक्कल, जड जीभ किंवा कमी बुद्धी यांचा त्याच्याशी संबंध नाही. हे ऐकून आई रडली. तिला इतकी वर्षं भावाला घरी बोलवायला बंदी होती.

समुपदेशक वाचा उपचार करत नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगते. त्यासाठी वाचा उपचारतज्ज्ञच हवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळेत तपासणीला येणाऱ्या पथकाला सांगितलं तर ते मुलाला जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवू शकतात. जाण्याआधी तिथलं वाचातज्ज्ञाचं पद भरलेलं आहे का, ते विचारून घ्यावं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे. "पंधरा दिवसांत तोतरेपणा बरा" म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका. तिथे चालीत बोलायला शिकवतात, मूल तिथे छान बोलतं आणि वर्गात आल्यावर पुन्हा अडतं. मग दोष त्याच्यावरच येतो.

प्रत्येक गप्प मूल अडखळणारं असतं असं मात्र नाही. मूल शब्द काढायची धडपडच करत नसेल, शाळेत मित्रांशीही कुजबुजत नसेल आणि घरी मात्र मोकळेपणी बोलत असेल, तर ते चिंतेतून येणारं निवडक मौन असू शकतं आणि त्याची वाट निराळी आहे. तांड्यावरून किंवा पाड्यावरून आलेल्या मुलाला शाळेची मराठीच परकी असेल, तर ते ऐकत ऐकत भाषा जमवत असतं. त्याच्याशी त्याच्या बोलीत कुणी बोललं की लगेच कळतं. आणि कान तर सगळ्यांचेच आधी तपासून घ्यावेत. पण उत्तर वहीत आहे, ओठांवर ताण दिसतोय आणि उत्तराच्या जागी जवळचाच दुसरा शब्द येतोय, असं दिसलं तर माझ्या कळसूबाई-साल्हेरची आठवण ठेवा.

तो अजूनही 'क'वर अडतो. तोंडी परीक्षा त्याने बाईंसमोर, एका मित्राला सोबत घेऊन, वेळेची मर्यादा न ठेवता दिली आणि गुण उत्तरांना मिळाले. आता आठवीला शिक्षक बदलणार. त्यांना कोण आणि काय सांगणार, हा प्रश्न आम्ही वर्ष संपायच्या आधीच काढला. बाई सांगायला तयार होत्या. तो म्हणाला, मी लिहून देतो. त्याच्या चिठ्ठीत लिहिलंय, "मी बोलताना अडतो. मला उत्तर येतं. थोडं थांबा, माझ्याऐवजी बोलू नका." ती चिठ्ठी जूनमध्ये तो स्वतः नेऊन देणार आहे.