मे, सजेस्ट्स आणि यावलचे दोन प्लॉट

«दादा, पीएचडीसाठी नेदरलँड्सला येतोय. बायको आणि नऊ वर्षांची मुलगी सोबत आणायचीय. होणाऱ्या सुपरवायझरनं माझ्या एमएस्सीच्या प्रबंधाचा सारांश परत पाठवला, जागोजागी ‘ओव्हरक्लेमिंग’, म्हणजे पुराव्यापेक्षा मोठा दावा, असं लिहून. इथं सरांनी तर ‘ठाम लिही’ असंच शिकवलं. ते इंग्रजीतले मे, सजेस्ट्स, अपिअर्स टू हे शब्द कुठं आणि किती घालायचे? आणि तिकडं एकटं पडायला होतं का?»

व्हिसा, विमा, भाडं यावर लिहीत नाही, ते सगळं सरकारी साइटवर आहे. एकच सांगतो, मुलीचा जन्मदाखला आजच कपाटातून काढून बघ. आमच्या दाखल्यावर मुलीच्या नावाची जागा कोरी होती. बारशाआधी नोंद झाली होती आणि नंतर नाव घालायला कुणी गेलंच नाही. मग नाव चढवा, इंग्रजी प्रत काढा, त्यावर परदेशात चालणारा अपोस्टिलचा सरकारी शिक्का घ्या, यात माझी आई सावद्याहून किती चकरा मारत होती ते आठवलं तरी डोकं फिरतं. एका खिडकीवरचा माणूस म्हणायचा दुसरीकडे जा, दुसरीकडचा म्हणायचा साहेब जेवायला गेलेत. असो.

तू जोडलेला सारांश मी दोनदा वाचला. पहिलंच वाक्य असं आहे: ‘केळीच्या वाळलेल्या पानांचं आच्छादन केल्याने घडाचं वजन वाढतं हे प्रस्तुत अभ्यासातून सिद्ध झाले असून खानदेशातील शेतकऱ्यांनी त्याचा अवलंब करावा.’ आणि प्रत्यक्षात तू केलं काय? यावल तालुक्यातलं एक शेत, ग्रँड नैन जात, पावसाळ्याच्या तोंडी लावलेली मृगबाग, एकच हंगाम. एका प्लॉटमध्ये पानं पसरली, शेजारचा प्लॉट उघडा ठेवला. दोन्हीकडचे चाळीस-चाळीस घड तोलले. सरासरी निघाली २३.१ किलो आणि २१.० किलो.

आता तुझ्या मनात येणार की प्रत्येक क्रियापदाआधी एक ‘मे’ टाकून द्यावा. इकडे आलेली आपली बरीच पोरं हेच करतात. ‘आच्छादनामुळे कदाचित वजन वाढण्याची शक्यता असू शकते असे सूचित होत असल्याचे दिसते.’ एका दाव्यावर पाच कुलपं घातली, पण शंका नेमकी कशाची आहे ते वाचणाऱ्याला कळलंच नाही. सुपरवायझर हेही परत पाठवेल. या शब्दांना इकडे हेज म्हणतात आणि मी त्यांना एकच कसोटी लावतो. हेज घातला तर तो कोणत्या न मोजलेल्या गोष्टीकडे बोट दाखवतोय हे मला सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर तो काढायचा. सांगता येत असेल तर ती गोष्ट वाक्यात लिहूनच टाकायची.

ही कसोटी तुझ्या वाक्याला लावू. आधी आकडे. ‘आच्छादनाच्या प्लॉटमध्ये घडाचं सरासरी वजन २३.१ किलो भरलं, उघड्या प्लॉटमध्ये २१.०.’ हे भूतकाळात, सरळ लिहायचं. इथं अपिअर्स टू घातलंस तर अर्थ असा होतो की तुझा तुझ्याच काट्यावर भरवसा नाही. काय केलं आणि किती भरलं, या दोन गोष्टींना हेज लागत नाही. काट्याची अचूकता आणि घडांच्या वजनातली तफावत आकड्यांत द्यायची.

पुढचं ‘आच्छादन केल्याने’ हे पद. गोची इथं आहे. तू चाळीस घड तोललेस, पण आच्छादन किती वेळा केलं? एका प्लॉटला, एकदा. म्हणजे खरी तुलना एकास एक अशी आहे, चाळीसास चाळीस नाही. तो प्लॉट पाटाच्या बाजूला असेल, तिथली काळी माती वीतभर जास्त खोल असेल, ठिबकच्या नळ्यांना तिकडे दाब जास्त मिळत असेल, तर दोन किलोचा फरक पानं न पसरताही पडला असता. तुझ्या टी-टेस्टनं फरक सिग्निफिकंट, म्हणजे निव्वळ योगायोगाचा वाटत नाही असा, दाखवलाय. ती टेस्ट एवढंच सांगते की दोन प्लॉट वेगळे आहेत. पानांमुळे वेगळे आहेत हे ती सांगत नाही. तेच जर शेताचे पाच तुकडे पाडून प्रत्येकात चिठ्ठी टाकून ठरवलं असतं की कुठल्या अर्ध्यात पानं घालायची, आणि मग फरक आला असता, तर तू बेधडक ‘इन्क्रीज्ड’ लिहू शकला असतास. शब्द किती जड वापरायचा हे प्रयोगाच्या आखणीवरून ठरतं. तुझ्या आखणीला ‘आच्छादनाच्या प्लॉटमध्ये वजन जास्त होतं’ एवढंच पेलतं, आणि त्याला लागूनच हे लिहायचं की प्लॉट एकेकच होते, म्हणून जमिनीचा फरक वेगळा काढता येत नाही.

तिसरं कारणाचं. तू पुढे लिहिलंस की पानांनी ओल धरून ठेवली म्हणून घड भरले. तक्ते पुन्हा बघितले, जमिनीतल्या ओलाव्याची मोजणी एकाही तक्त्यात नाही. म्हणजे ‘मे’ची खरी जागा ही. ‘ओल टिकल्याने हे झालं असावं, ओलावा मोजलेला नाही.’ दुसरी वाटही सांगायची, कारण केळीच्या पानांत पालाश भरपूर असतं, पानं कुजताना ते जमिनीत उतरतं, आणि केळीला पालाश किती लागतं हे तुला मी काय सांगू. ओलावा मोजला असतास आणि तो आच्छादनाखाली जास्त निघाला असता तर ‘इज कन्सिस्टंट विथ’ म्हणता आलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की हे स्पष्टीकरण जुळतं, बाकीची अजून उभी आहेत. सजेस्ट्स त्याच्या एक पायरी वर, कारण त्यात पुरावा एका बाजूला झुकलेला असतो.

मग ‘खानदेशातील शेतकऱ्यांनी’. इथं मे घालून उपयोग नाही, कात्री लावायची. तुझी बाग मृगाची. पावसाळ्यानंतर लावलेल्या कांदेबागेला थंडी वाढीच्या वेगळ्या टप्प्यावर गाठते, त्यामुळे मृगबागेचा निकाल तिकडे आपोआप लागू होत नाही. चोपडा, शहादा तर लांबच राहिले. ‘या शेतात, या हंगामात’ हे चार शब्द दहा मे-माइटपेक्षा जास्त काम करतात.

आणि एक, जे इथले मुरलेले लोकसुद्धा सोडून देतात. तू लिहिलंस, ‘आच्छादनाचा फण्यांच्या संख्येवर परिणाम होत नाही.’ दिसायला नम्र वाक्य, पण अख्ख्या सारांशातला सगळ्यात मोठा दावा हाच आहे. घडाला सरासरी ९.२ फण्या आणि ९.० फण्या, फरक सिग्निफिकंट नाही. यातून परिणाम नाही असं ठरत नाही. एवढ्याशा नमुन्यात अर्ध्या फणीचा खरा फरकही निसटला असता. ‘फरक आढळला नाही’ असं लिही आणि फरकाची विश्वास-मर्यादा दे, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की किती मोठा परिणाम तू नाकारू शकतोस आणि किती लहान नाही.

सगळं मिळून असं होईल: ‘यावल तालुक्यातील एका मृगबागेत एका हंगामात आच्छादन केलेल्या प्लॉटमधील घडांचे सरासरी वजन २३.१ किलो, तर शेजारच्या उघड्या प्लॉटमधील २१.० किलो होते. फण्यांच्या संख्येत फरक आढळला नाही. प्रत्येक पद्धतीचा एकच प्लॉट असल्याने जमिनीतील फरकाचा वाटा वेगळा करता येत नाही. आच्छादनामुळे ओल टिकणे हे एक कारण असू शकते, मात्र ओलावा मोजलेला नाही.’ मोजून बघ, ‘शकते’ एकदाच आलंय. हेच इंग्रजीत उतरवून पाठव.

सरांवर चिडू नकोस. ते शेतकऱ्यांसाठीच्या शिफारशींची भाषा शिकवतात, आणि शिफारस ठामच लागते, कारण ती अनेक हंगामांच्या, अनेक ठिकाणच्या चाचण्यांनंतर येते. तू एका हंगामावर शिफारशीचा आवाज लावलास इतकंच. आणि हेज म्हणजे भित्रेपणा, असं तुझ्या त्या ‘ठाम लिही’मागे असेल तर वॉटसन आणि क्रिक यांचा ‘नेचर’मधला एप्रिल १९५३ चा पानभराचा लेख बघ. डीएनएची रचना सांगून झाल्यावर शेवटाकडे ते म्हणतात की आम्ही मांडलेल्या जोड्या जनुकीय द्रव्याची नक्कल होण्याची एक शक्य पद्धत लगेच सुचवतात, हे आमच्या नजरेतून सुटलेलं नाही. सजेस्ट्स आणि पॉसिबल, दोन्ही एकाच वाक्यात. नक्कल कशी होते हे त्यांनी तपासलंच नव्हतं. ते प्रयोगानं दाखवलं मेसेल्सन आणि स्टाल यांनी, १९५८ मध्ये.

आता जे लिहायचं नव्हतं ते. इथं प्राथमिक शाळा संपताना, बाराव्या वर्षाच्या आसपास, शाळा ‘सल्ला’ देते की मूल पुढे कोणत्या प्रकारच्या माध्यमिक शाळेत जावं. विद्यापीठाकडे सरळ नेणारी वाट कुणाला, धंदेशिक्षणाची कुणाला, ते तिथं ठरायला लागतं. आमच्या लेकीच्या कागदावर किती गोड लिहिलं होतं! ‘सध्या असं दिसतं की’, ‘कदाचित तिला जास्त सोयीचं ठरेल’, ‘आम्हाला असं वाटतं’. मी रोज लोकांचे हेज तपासणारा माणूस, आणि तो कागद हातात धरून बसलो. निर्णय झालेला होता, शब्द फक्त मऊ होते. जे लिहायला हवं होतं ते कुठंच नव्हतं, की ही मुलगी डच शिकायला लागून फार दिवस झालेले नाहीत आणि आम्ही जे मोजलं ते डचमधून मोजलं. गणित ती मराठीतून मनातल्या मनात सोडवायची, ते कुणी मोजलं? तुझ्या दोन प्लॉटचंच प्रकरण. परीक्षेत गुण सल्ल्यापेक्षा वरचे आले तर शाळेला फेरविचार करावा लागतो, तो आम्ही करून घेतला, वाट बदलली. पण बायकोच्या डोळ्यांत तेव्हा जे पाणी आलं त्याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

म्हणून तुझी मुलगी नऊ वर्षांची आहे हे वाचून थांबलो. सातव्या वर्षी आली असती तर मी काही बोललो नसतो. नऊला आली तर सल्ल्याआधी भाषेला जेमतेम अडीच-तीन वर्षं मिळतात. आल्या आल्या नवख्या मुलांच्या भाषावर्गाची चौकशी कर, आणि शिक्षकांशी बोलताना दरवेळी हा एकच प्रश्न विचार, की हे तिच्या डचबद्दल आहे का तिच्याबद्दल. लेखी उत्तर माग. आम्ही नवीन, उगाच वाईटपणा कशाला, म्हणून गप्प बसू नकोस.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. नोव्हेंबरअखेर साडेचारलाच सूर्य मावळतो तेव्हा जास्त असतो. भरताची वांगी इथं मिळत नाहीत, तेही धरून चाल.

नवा सारांश इंग्रजीत लिहून झाला की मला पाठव. रविवारी वेळ असतो. फण्यांच्या वाक्यातली मर्यादा काढायला अडलास तर कच्चे आकडेही जोड, आणि पाटाच्या बाजूला नेमका कोणता प्लॉट होता ते शेतमालकाला फोन करून विचारून ठेव.