५ जून की ६ जून?

"मी शिरोली एमआयडीसीत नोकरी करतो. ५ जून २०२५ पासून इक्विटी म्युच्युअल फंडात दरमहा २०,००० ची एसआयपी आहे. मेपर्यंत १२ हप्ते भरले, आज २,५८,००० दिसतात. आमचे एजंट म्हणतात, वर्ष झालं की सगळं काढून नव्या फंडात टाकू, दरवर्षी असंच करू, टॅक्स लागणार नाही, १५ टक्के परतावा तर कुठे गेला नाही. जूनचा हप्ता थांबवलाय. पैसे ५ जूनला काढू की ६ ला?" – एक वाचक, कोल्हापूर

६ जूनला किंवा त्यानंतर. पण त्या दिवशी वर्ष होतं ते फक्त पहिल्या हप्त्याला. प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजलं जातं, तेही युनिट मिळाल्याच्या तारखेपासून. तुमचाच जुलैचा हप्ता बघा. ५ जुलै २०२५ ला शनिवार होता, म्हणजे सोमवार ७ तारखेच्या आधी युनिट पडलेच नसतील. ते ६ जुलै २०२६ ला विकले तर वर्ष भरलेलं नसेल, नफा अल्पकालीनच. मेच्या हप्त्याला तर जूनमध्ये जेमतेम महिना झालेला असेल.

आता ६ जूनला सगळं काढलं तर काय होतं? नफा १८,०००. त्यातले पहिल्या हप्त्याचे अडीचेक हजार दीर्घकालीन. वर्षाला सव्वा लाखापर्यंत तो नफा करमुक्त, त्यामुळे तिथे शून्य. उरलेले साडेपंधरा हजार अल्पकालीन, त्यावर २० टक्के आणि सेस, म्हणजे सुमारे ३,२००. शिवाय बहुतेक इक्विटी फंडांत वर्षाच्या आत काढलं की १ टक्का एक्झिट लोड लागतो. अकरा हप्त्यांवर तो सव्वादोन-अडीच हजार. साडेपाच हजार गेले, नफ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा. "टॅक्स लागणार नाही" ते हे!

आणि "काढू नका, नुसतं स्विच करू" असं म्हणाले तरी फसू नका. आयकराच्या लेखी स्विच म्हणजे विक्रीच. नव्या फंडात सगळ्या रकमेचं घड्याळ परत शून्यापासून, लोडचंसुद्धा.

तारीख राहू द्या, मला सांगा, आहे त्या फंडात वाईट काय आहे? तुमच्या पत्रात एक शब्द नाही, आणि एजंटांनीही सांगितलेला दिसत नाही. नव्या फंडाला मागचा इतिहास नसतो, वर कमिशन बरेचदा जास्त असतं. १५ टक्के त्यांनी कुठून आणले ते त्यांनाच विचारा, आणि लेखी मागा.

हलवायचंच ठरलं तर मेचा हप्ता ६ मे २०२७ ला पिकतो. तोवर थांबलात, तर नफा सव्वा लाखाच्या आत असेपर्यंत कर शून्य. मधेच थोडे पैसे लागले तर जुने युनिट आधी विकले गेले असं धरतात, म्हणून पिकलेल्या हप्त्यांपुरतेच काढा. युनिटवार तारखा फंडाच्या स्टेटमेंटमध्ये असतात, एसआयपीची ५ तारीख धरून चालू नका.