बंदराचा आवर्तकाळ काढताना आधी तोंड बघ

कुंडातल्या पाण्याचा एक हेलकावा पूर्ण व्हायला लागणारा वेळ म्हणजे आवर्तकाळ T. त्याचं T = 2L/√(gd) हे सूत्र, ज्यात L लांबी, d पाण्याची खोली आणि g गुरुत्वत्वरण, बंद कुंडासाठी आहे, तेव्हा ते थेट बंदराला लावू नकोस. आधी घरच्या घरी ताडून बघ. 4 मीटर लांब टाकीत 20 सेंटिमीटर पाणी असेल, तर √(9.81 × 0.2) म्हणजे सुमारे 1.4 मीटर प्रतिसेकंद हा लाटेचा वेग. जाऊन-येऊन 8 मीटर, म्हणून 5.7 सेकंद. एक टोक उचलून सोड आणि दहा हेलकाव्यांचा वेळ घेऊन दहाने भाग. मोजायचं ते टोकाशी. मधोमध पाणी फक्त आडवं सरकतं, पातळी जवळपास हलत नाही. खोली लांबीच्या दहाव्या भागाहून जास्त झाली, की हे सूत्र फसायला लागतं.

आता 1 किलोमीटर लांब, 10 मीटर खोल बंदर घे. बंद धरलं तर 202 सेकंद येतात. पण एक टोक समुद्राला उघडं असतं. तिथे पातळी समुद्राच्या बरोबरीने राहते, त्यामुळे कुंडात लाटेचा अर्धा नव्हे, पावच भाग मावतो: T = 4L/√(gd), म्हणजे 404 सेकंद. प्रत्यक्षात थोडे जास्तच, कारण तोंडाबाहेरचं पाणीही हलतं.

खडकवासल्याला जल संशोधन केंद्रात बंदरांची मॉडेलं असतात. 1:100 च्या मॉडेलमध्ये वेळ √100 ने, म्हणजे दहापट आखडतो. हेच 404 तिथे 40 होतील. शंभराने भागणारे बरेच भेटतात!