बर्स्ट अडखळतो तेव्हा आधी काय तपासावं

ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो पाण्यावर धावत उडायला लागतात आणि बटण दाबून धरून सलग फोटो, म्हणजे बर्स्ट, काढताना तुमचा कॅमेरा तीन सेकंदांत मंदावतो, तर तो बिघडलेला नाही, त्याचा बफर भरलाय. बफर म्हणजे कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती कॅमेऱ्यातली मेमरी.

उदाहरण घ्या. सेकंदाला १० फोटो, प्रत्येक रॉ फाइल २५ एमबी, म्हणजे सेकंदाला २५० एमबी आत येतात. कार्ड ८० लिहितं, १७० साठत जातात. बफर ५०० एमबीचा असेल तर तीन सेकंदांत भरतो आणि वेग सेकंदाला जेमतेम तीन फोटोंवर येतो.

हेच १० एमबीच्या जेपेगमध्ये काढलंत तर सेकंदाला फक्त २० एमबी साठतात, बर्स्ट २५ सेकंद टिकतो. रॉ हवंच असेल तर कॉम्प्रेस्ड रॉ निवडा. रॉ आणि जेपेग दोन्ही एकदम ठेवू नका. नवशिक्यांची नेहमीची चूक हीच.

कार्ड घेताना:
- ठळक छापलेला आकडा बहुधा वाचण्याचा वेग असतो. लिहिण्याचा वेग विचारा. V30 म्हणजे सलग सेकंदाला किमान ३० एमबी, एवढीच हमी.
- UHS-II हे UHS-I पेक्षा वेगवान कार्ड महाग असतं. कॅमेऱ्याचा स्लॉट UHS-I असेल तर ते UHS-I च्याच वेगाने चालतं, पैसे वाया.

घरी शटर १/१००० वर, मॅन्युअल फोकसवर ठेवून दहा सेकंद बटण दाबून धरा. पहिल्या फोटोपासूनच वेग कमी असेल तर दोष कार्डाचा नाही, सेटिंग तपासा. खाडीवर मात्र थवा धावू लागल्यावरच बटण दाबा, एकेक सेकंदाचे तुकडे घ्या. कार्डाचा दिवा लुकलुकत असताना बॅटरी काढू नका.