‘ऋण’ अंतर, ‘वजा’ चिन्ह आणि भास्कराचार्यांचा त्रिकोण

*बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. ऑप्टिक्सच्या स्लाइडवर ‘वस्तूचे अंतर ऋण घ्यावे’ असं लिहिलंय. अंतर ऋण कसं असेल? ऋण, उणे, वजा यांतला बरोबर शब्द कोणता? आणि भिंगाच्या सूत्रात आधीच वजा आहे, मग परत वजा कशाला?*

तिन्ही शब्द बरोबर आहेत, पण तिघांची कामं वेगळी आहेत. ‘मायनस लावा’ म्हणणाऱ्यांनी तिघांना एका दावणीला बांधलं आणि तिथूनच हा घोळ सुरू झाला. वर्गात रोज कानावर पडतं: ‘इथे मायनस लावा, तिथे मायनस घ्या.’ कुठला मायनस, हे कोणी सांगत नाही.

वजा ही क्रिया. शब्द अरबी, दप्तरातून आलेला. एका राशीतून दुसरी काढून टाकणं एवढाच त्याचा व्यवहार. ऋण हा राशीचा स्वभाव. आणि उणे म्हणजे त्या राशीचं चिन्ह तोंडाने वाचायची रीत: ‘उणे तीस’. (हाच ‘ऊन’ एकोणीस, एकोणतीसमध्ये दडून बसलाय. एकाने उणे वीस, ते एकोणीस.) एका कोशात मी ‘वजा, ऋण, उणे’ हे एकमेकांचे पर्याय म्हणून दिलेले पाहिले. कोशकारांनी एकदा भिंगाचं गणित सोडवून पाहावं, मग पर्याय द्यावेत.

आता ‘ऋण’. त्याचा कर्ज हा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये धन आणि ऋण राशींचे नियम सांगितले, हेही बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण कर्जाच्या अर्थाने तुमची शंका फिटत नाही. मेणबत्ती भिंगाचं काय देणं लागते? खरी गंमत भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

ग्रंथ ११५० चा. त्यात एका त्रिकोणाचं उदाहरण आहे: दोन भुजा १० आणि १७, पाया ९. शिरोबिंदूतून पायावर लंब टाकला की पायाचे दोन तुकडे होतात, त्यांना आबाधा म्हणतात. त्या काढा. गणित केलं की एक आबाधा येते १५. पाया मुळात ९ चा, त्यातला तुकडा १५ चा कसा? कारण लंब पायावर पडतच नाही. पाया बाहेर वाढवला तर तिथे पडतो. म्हणून दुसरी आबाधा येते उणे ६. पंधरातून सहा गेले, पाया नऊ. लंब येतो ८ आणि क्षेत्रफळ ३६, सगळं चोख. या उणे सहाबद्दल आचार्य म्हणतात: ऋणगता आबाधा, ‘दिग्वैपरीत्येन’. म्हणजे दिशा उलटी, एवढाच अर्थ. लांबी सहाच आहे, ती फक्त दुसऱ्या अंगाला आहे.

झालं तुमचं उत्तर! ‘अंतर ऋण’ ही शब्दयोजनाच ढिली आहे. पट्टीने मोजलेलं अंतर कधीच ऋण नसतं. ऋण असतं ते स्थान. भिंगाच्या मध्यावर शून्य ठेवायचं, प्रकाश ज्या दिशेने पुढे जातो ती धन दिशा मानायची, आणि वस्तू शून्याच्या मागे ३० सेंटिमीटरवर असली तर u = −30. याला ‘कार्टेशिअन चिन्ह संकेत’ म्हणतात. ज्या देकार्तने १६३७ मध्ये समीकरणांच्या ऋण मुळांना ‘खोटी’ म्हटलं, त्याचं नाव या संकेताला आणि चाळीसगावजवळच्या पाटणशी नातं सांगणाऱ्या आपल्या आचार्यांचं नाव कुठेच नाही, याची चीड मला आहेच. (न्यायाने बोलायचं तर त्यांनीही ‘बीजगणिता’त माकडांच्या एका गणितात ५० आणि ५ अशी दोन उत्तरं काढली आणि ५ नाकारलं, कारण त्याने मधली एक राशी ऋण होते आणि तशी राशी लोकांना पटत नाही. तुमची शंका म्हणजे नऊशे वर्षं जुनी आहे.)

तर भिंग. सूत्र आहे 1/v − 1/u = 1/f; u वस्तूचं स्थान, v प्रतिमेचं, f नाभीचं. यात मधे आहे तो वजा. तो सूत्राचा, कायमचा. u ची किंमत भरताना येतो तो ऋण. तो या वस्तूच्या जागेचा. दोन्ही लागतात. माझ्या भाचीने वहीत नेमकं तुमच्यासारखंच केलं होतं: ‘सूत्रात मायनस आहेच’ म्हणून u = 30 भरलं. बहिर्वक्र भिंग, f = 20. तिचं उत्तर आलं v = 12.

हे चूक आहे हे आकडेमोडीवरून कळत नाही, किरणाकृतीवरून लगेच कळतं. आलेख कागदावर १ सेंटिमीटरला १० सेंटिमीटर धरा. भिंग शून्यावर, नाभी अधिक २ वर, वस्तू उणे ३ वर, तिची उंची २ घर. टोकापासून अक्षाला समांतर किरण काढा; भिंगातून गेल्यावर तो नाभीतून जातो, म्हणजे नाभीपर्यंत तो अक्षाच्या वरच असतो. दुसरा किरण भिंगाच्या मध्यातून सरळ जातो, म्हणजे मध्य ओलांडला की तो अक्षाच्या खाली. एक वर, एक खाली. मग नाभीच्या अलीकडे, १२ सेंटिमीटरवर, ते भेटणार कसे? ते भेटतात ६ व्या घरावर, अक्षाखाली ४ घरं. आता u = −30 भरा: 1/v = 1/20 − 1/30 = 1/60, म्हणजे v = +60. विशालन m = v/u = −2. प्रतिमा दुप्पट, आणि इथला ऋण म्हणजे ती उलटी. पुन्हा दिग्वैपरीत्यच, फक्त आडवं नाही, उभं.

एक मात्र पाळा: जे काढायचं आहे त्याला हाताने चिन्ह देऊ नका. ‘प्रतिमा वास्तव आहे, तर v ला अमुक’ असं आधीच ठरवलं की चिन्ह दोनदा लागतं. ते गणितातून आपोआप येऊ द्या.

आरशाच्या सूत्रात 1/v + 1/u = 1/f, अधिक का? कारण आरसा प्रकाशाला माघारी पाठवतो, पण आपण पट्टी उलटी फिरवत नाही. वस्तू, वास्तव प्रतिमा आणि अंतर्वक्र आरशाची नाभी, तिन्ही एकाच, ऋण अंगाला येतात. तेच आकडे घ्या: f = −20, u = −30, तर v = −60. प्रतिमा आरशासमोर, पडद्यावर धरता येईल अशी. विशालन इथे m = −v/u, म्हणजे याही वेळी −2.

राहिली तुमची स्लाइड. काही परदेशी पुस्तकांत भिंगाला आणि आरशाला दोघांनाही अधिकाचंच सूत्र असतं आणि समोरच्या वस्तूचं अंतर धन धरतात. तेही बरोबर, पण ते वेगळं घराणं. सूत्र त्या घराण्याचं आणि ‘वस्तूचे अंतर ऋण घ्यावे’ ही सूचना या घराण्याची, अशी सरमिसळ एका स्लाइडवर मी स्वतः पाहिली आहे. तुमच्या स्लाइडवर भिंगाच्या सूत्रात मधे वजा आहे म्हणता, तेव्हा निदान तिथे तरी सूत्र आणि सूचना एकाच घरच्या आहेत. आरशाच्या स्लाइडवर अंतर्वक्र आरशाचं f धन लिहिलंय का, तेवढं बघा. असेल तर ती स्लाइड दुसऱ्या घरची.